सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये महाधमनीचा व्यास लिहा: ठाणे आणि नवी मुंबईच्या आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय आरोग्य अधिकारी, ठाणे महानगरपालिका,
वैद्यकीय आरोग्य अधिकारी, नवी मुंबई महानगरपालिका,
आणि दोन्ही शहरांतील सोनोग्राफी केंद्रांचे चालक व रेडिओलॉजिस्ट

विषय: ६५ वर्षांवरील पुरुषांच्या पोटाच्या सोनोग्राफीत महाधमनीचे माप नोंदवण्याबाबत

स. न. वि. वि.

लघवी अडते म्हणून, मूतखड्याची शंका म्हणून, पित्ताशय बघायचे म्हणून आपल्या शहरांतले कितीतरी वयस्क पुरुष रोज पोटाची सोनोग्राफी करून घेतात. प्रोब पोटावर फिरत असतो तेव्हा पोटातली सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, त्याच्यापासून चार बोटांवर असते. रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यात शेवटून दुसरी ओळ असते: ‘महाधमनी व आयव्हीसी नॉर्मल.’ आयव्हीसी म्हणजे महाधमनीशेजारची मोठी शीर. ही ओळ बऱ्याचदा कॉम्प्युटरमधल्या ठरावीक नमुन्यात आधीच टाइप केलेली असते. महाधमनी खरोखर पाहिली का, पाहिली तर किती रुंद होती, हे त्या ओळीवरून कळत नाही.

आमची मागणी एवढीच आहे की ६५ आणि त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक पुरुषाच्या पोटाच्या सोनोग्राफीत या ओळीच्या जागी सेंटीमीटरमध्ये एक आकडा यावा, आणि तो आकडा ३ किंवा त्याहून मोठा असेल तर त्या माणसाची पुढची तारीख ठरल्याशिवाय त्याला घरी जाऊ देऊ नये. पोटातली महाधमनी फुगून फुटली तर बहुतेक जण वाचत नाहीत. हा आकडा का हवा, तो कसा घ्यायचा आणि त्यावरून काय ठरते, हे पुढे सविस्तर लिहीत आहोत.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंमी रुंद असते. बेंबीच्या पातळीला तिच्या दोन शाखा होऊन त्या पायांकडे जातात. मूत्रपिंडांना जाणाऱ्या धमन्या आणि हे दुभाजन यांच्यामधल्या भागात काही जणांची भिंत वर्षानुवर्षे झिजत जाते, तिच्यातले लवचिक तंतू तुटतात आणि ती फुगू लागते. व्यास ३ सेंमी झाला की त्याला ॲन्युरिझम म्हणायचे. सायकलच्या ट्यूबला जसा एका जागी फुगा येतो, तसाच हा प्रकार. हवेचा दाब सगळ्या ट्यूबमध्ये सारखाच असतो, पण फुगलेल्या जागी रबर पातळ झालेले असते आणि त्यावरचा ताण सगळ्यांत जास्त असतो. ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो. म्हणून रक्तदाब तोच राहिला तरी फुगा जितका मोठा, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण जास्त. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची सगळी वेळापत्रके आपोआप समजतात.

आता कोणाची तपासणी करायची. इंग्लंडमध्ये पुरुषाला वयाच्या ६५व्या वर्षी एकदा सोनोग्राफीसाठी बोलावतात. हा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१३ पर्यंत सगळ्या इंग्लंडभर पोचला. अमेरिकेतली २०१९ ची शिफारस जास्त नेमकी आहे: ६५ ते ७५ वयाचे, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले पुरुष, एकदाच. ‘कधीही’ म्हणजे सगळ्या आयुष्यात मिळून १०० सिगारेट. वीस वर्षांपूर्वी सोडली असेल तरी तो माणूस यादीत येतो. धूम्रपान न केलेल्या पुरुषांबाबत तिथे डॉक्टरांनी व्यक्ती पाहून ठरवावे असे म्हटले आहे. ज्यांनी कधी ओढली नाही आणि ज्यांच्या घराण्यात हा आजार नाही अशा स्त्रियांची सरसकट तपासणी करू नये, असा तिथला स्पष्ट सल्ला आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि वागळे इस्टेटमधले निवृत्त कामगार, वाशीच्या बाजारातले माथाडी यांच्यापैकी अनेकांचे वय आज नेमके या चौकटीत बसते आणि त्यांच्यात बिडी ओढलेले पुष्कळ आहेत. बिडीला सिगारेटीइतकेच धरा. मिश्री आणि तंबाखू चघळणे मात्र वेगळे. इथे सांगितलेले आकडे धुराचे आहेत. ‘विडी पिता का?’ असे विचारले की ‘नाही’ असे उत्तर येते आणि ते खरेही असते, कारण माणसाने ती साठीला सोडलेली असते. प्रश्न ‘कधी ओढली होती का, किती वर्षे?’ असा विचारा. दुसरा प्रश्न भावाबद्दल आणि वडिलांबद्दल. सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर धोका बराच वाढतो, आणि रुग्ण सापडला की त्याच्या भावांना बोलावणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरले जाणारे काम आहे. मधुमेह असलेल्यांत हा आजार उलट कमी आढळतो आणि फुगा हळू वाढतो. हे ऐकून आश्चर्य वाटते, पण अनेक अभ्यासांत ते दिसले आहे. ‘शुगर आहे म्हणजे रक्तवाहिन्या खराब, म्हणजे हाही असेल’ या तर्कावर यादी बनवू नये.

एकदाच केलेल्या तपासणीचा उपयोग किती, हे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. ६५ ते ७४ वयाचे सुमारे ६७,८०० पुरुष दोन गटांत विभागले, निम्म्यांना सोनोग्राफीला बोलावले. चार वर्षांनंतर बोलावलेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होते. तपासलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के पुरुषांत फुगा सापडला होता. त्यानंतर तिथे धूम्रपान घटले आणि आज त्याच देशात तपासलेल्यांपैकी जेमतेम १ टक्का पुरुषांत तो सापडतो. म्हणजे किती जणांत सापडेल हे त्या पिढीने किती ओढली यावर ठरते. आम्ही म्हणूनच घरोघरी जाऊन सगळ्यांची सोनोग्राफी करा असे म्हणत नाही. जी सोनोग्राफी होतच आहे, तिच्यात आणखी दोन मिनिटे द्या असे म्हणतो.

ती दोन मिनिटे कशी द्यायची ते नीट लिहितो, कारण इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात.

रुग्ण सकाळी उपाशीपोटी आला तर आतड्यांत वायू कमी असतो आणि काम सोपे होते. पोटासाठी वापरायचा गोल तोंडाचा प्रोब छातीच्या हाडाखाली आडवा धरायचा. आधी मणक्याची चमकदार रेघ आणि तिच्यामागची सावली शोधायची. तिच्या पुढे, रुग्णाच्या डाव्या बाजूला, धडधडणारे गोल वर्तुळ म्हणजे महाधमनी. उजवीकडचे, दाबले की चपटे होणारे, ते आयव्हीसी. तिथून प्रोब हळूहळू बेंबीपर्यंत, दोन शाखा दिसेपर्यंत खाली न्यायचा. वरचा भाग पाहून थांबणे ही नेहमीची चूक आहे, कारण फुगा बहुतेक वेळा खालच्या भागात असतो. वायूने चित्र अडवले तर प्रोब घट्ट पण सावकाश दाबून ठेवायचा, म्हणजे आतडी बाजूला सरकतात. तरीही दिसले नाही तर रुग्णाला कुशीवर वळवून पोटाच्या डाव्या बाजूने पाहायचे. इतके करूनही दिसलेच नाही, तर रिपोर्टमध्ये ‘महाधमनी वायूमुळे दिसली नाही, उपाशीपोटी पुन्हा पाहावी’ असे लिहा. न दिसलेल्या धमनीला ‘नॉर्मल’ लिहिणे हे या पत्रामागचे मुख्य दुखणे आहे.

माप पुढून मागे घ्यायचे, जिथे रुंदी सर्वांत जास्त आहे तिथे, आणि धमनीच्या अक्षाला काटकोनात. म्हातारपणी महाधमनी वाकडीतिकडी होते. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते, तसे तिरके घेतलेले माप खोटे मोठे येते. दुसरी चूक याच्या उलट आहे आणि जास्त घातक आहे. फुग्याच्या आत बहुतेक वेळा भिंतीला चिकटून रक्ताची गुठळी जमलेली असते आणि रक्त फक्त मधल्या वाटेने वाहते. रंगीत डॉप्लर लावून रंग दिसतो तेवढेच मोजले, तर ५ सेंमीचा फुगा अडीच सेंमीचा दिसू शकतो. डॉप्लरचा रंग बंद करा आणि भिंत शोधा.

माप भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायचे की आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत? इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात आतून घेतात. शस्त्रक्रियेची मर्यादा ज्या ब्रिटिश चाचणीने पक्की केली तिने बाहेरून घेतले होते. दोन्हींत साधारण ४ मिमीचा फरक पडतो. आम्ही सुचवतो की दोन्ही शहरांत बाहेरून बाहेर हीच पद्धत ठेवावी आणि रिपोर्टमध्ये तसे लिहावे. पद्धत कोणतीही असली तरी ती लिहिलेली नसेल तर दोन वर्षांच्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. रिपोर्टची ओळ अशी असावी: ‘मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली महाधमनीचा कमाल व्यास, पुढून मागे, बाहेरून बाहेर: ३.८ सेंमी. दुभाजनापर्यंत पाहिली. मागील माप: नाही.’

आता हा ३.८ घेऊन एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, ऐरोलीत राहणारे ६६ वर्षांचे एक गृहस्थ, तीस वर्षे बिडी ओढलेली, रक्तदाबाची गोळी चालू, लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफीला आले आणि हा आकडा निघाला.

पहिली गोष्ट, त्यांना घाबरवू नका. ३ सेंमीचा फुगा पुरुषात वर्षभरात फुटण्याची शक्यता दहा हजारांत पाच इतकी आहे. ५ सेंमीलाही ती हजारात सहा-सात इतकीच आहे. हे आकडे अनेक देशांतल्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये काढलेले आहेत. त्याच कामातून वाढीचा वेग कळला: ३ सेंमीचा फुगा वर्षाला सरासरी १.३ मिमी वाढतो, ४ सेंमीचा सुमारे २.४ आणि ५ सेंमीचा ३.६ मिमी. वाढीचा वेग व्यासाबरोबर वाढत जातो. धूम्रपान चालू असेल तर त्यात वर्षाला सुमारे ०.३५ मिमीची भर पडते आणि फुटण्याचा धोका दुप्पट होतो.

म्हणूनच फेऱ्यांमधले अंतर व्यासावर ठरते. ३ ते ३.९ सेंमी असेल तर तीन वर्षांनी, ४ ते ४.९ असेल तर दरवर्षी, ५ ते ५.४ असेल तर सहा महिन्यांनी. ही वेळापत्रके अमेरिकी आणि युरोपीय रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांची आहेत. इंग्लंडमध्ये जरा कडक आहे, ४.४ पर्यंत दरवर्षी आणि ४.५ च्या पुढे दर तीन महिन्यांनी. आपल्या दवाखान्यांत माणूस तीन वर्षांनी परत येईल याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ३.५ च्या पुढे आम्ही वर्षा-दीड वर्षाने बोलावणे पसंत करतो. त्यात वैद्यकीय गरजेपेक्षा आठवण राहण्याचा भाग मोठा आहे. आपले गृहस्थ मात्र तीन वर्षांनीच आले असे धरू.

सरासरी वेगाने हिशेब केला तर ६९व्या वर्षी व्यास ४.५ होतो. आता दरवर्षी. सत्तरीला ४.८, एकाहत्तरीला ५.२, मग सहा महिन्यांनी ५.४, आणि बहात्तरी गाठताना ५.६. पहिला एक सेंमी वाढायला चार वर्षे लागली, पुढचे आठ मिमी दोन वर्षांत वाढले. खऱ्या माणसात रेघ इतकी सरळ जात नाही. काहींचा फुगा तीन-चार वर्षे जागचा हलत नाही, काहींचा एकदम उडी मारतो. सरासरी आपल्याला फक्त पुढची तारीख ठरवायला लागते.

याच उदाहरणात माप चुकले तर काय होते ते पाहा. सत्तरीला एका केंद्राने आतून मोजले असते तर ४.८ ऐवजी ४.४ आला असता. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्राने बाहेरून ५.२ मोजला. कागदावर वर्षात ८ मिमी वाढ दिसली, प्रत्यक्षात ४ झाली. वर्षात १ सेंमी वाढ हे शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण मानले जाते, तेव्हा हा खोटा वेग माणसाला ऑपरेशन टेबलाच्या दारापर्यंत नेऊन ठेवतो. केंद्रांचा क्रम उलटा असता तर खरी वाढ झाकली गेली असती. एकाच यंत्रावर एकाच माणसाने दोनदा मोजले तरी २-३ मिमीचा फरक पडतो, तो धरूनच चालायचे. एकाएकी उडी दिसली तर आधी जुने चित्र काढून शेजारी ठेवा, नुसता जुना आकडा पाहू नका.

या सहा वर्षांत गृहस्थांना औषध काय द्यायचे? फुग्याची वाढ थांबवणारी एकही गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. डॉक्सिसायक्लिन दोन वर्षे देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. प्रोप्रानोलॉलही निरुपयोगी ठरले. बिडी पूर्ण बंद, रक्तदाब ताब्यात, आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. स्टॅटिन फुग्यासाठी नाही, हृदयासाठी आहे, कारण लहान फुगा असलेला माणूस फुगा फुटून जाण्यापेक्षा हृदयविकाराने जाण्याची शक्यता जास्त असते. एक गोष्ट फॅमिली डॉक्टरांना मुद्दाम सांगायची आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. ज्याला ॲन्युरिझम आहे त्याला दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत. आपल्या गृहस्थांची मूळ तक्रार लघवीची आहे आणि त्या तक्रारीला नेमक्या याच गोळ्या सहज लिहिल्या जातात. फुग्याची नोंद रिपोर्टच्या कोपऱ्यात राहिली आणि केसपेपरवर आली नाही, तर हे टळणार नाही.

शस्त्रक्रिया ५.५ सेंमीलाच का, आधी का नाही, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. ‘वाढणारच आहे तर आत्ताच काढून टाका.’ याचे उत्तर दोन चाचण्यांनी दिले आहे. ब्रिटनमध्ये १,०९० आणि अमेरिकेत १,१३६ रुग्ण, सगळे ४ ते ५.५ सेंमीच्या आतले. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. लगेच शस्त्रक्रिया केलेले जास्त जगले नाहीत. ब्रिटिश चाचणीत नियोजित शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात शंभरामागे पाच-सहा जण दगावले होते, आणि ५ सेंमीचा फुगा वर्षभरात फुटण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. पुढे मांडीतल्या धमनीतून स्टेंट-कलम, म्हणजे जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी, फुग्याच्या आत बसवण्याचा सौम्य मार्ग आला तेव्हा लहान फुग्यांवर त्याच्याही चाचण्या झाल्या. निष्कर्ष बदलला नाही.

५.५ च्या पुढे पारडे फिरते. अमेरिकेत ज्यांना शस्त्रक्रिया झेपली नसती किंवा नको होती अशा रुग्णांचा २००२ मध्ये अभ्यास झाला. त्यात ५.५ ते ५.९ सेंमीचे फुगे वर्षभरात शंभरापैकी सुमारे नऊ फुटले आणि ७ सेंमीच्या पुढचे शंभरापैकी बत्तीस. नंतरच्या अभ्यासांत याहून कमी आकडे आले. तेव्हा ५.५ ओलांडला म्हणजे उद्याच फुटेल असे कोणी सांगू नये, पण काही आठवड्यांत रक्तवाहिनी शल्यचिकित्सकाकडे पोचवलेच पाहिजे. ५.५ च्या आधीही दोन प्रसंगी थांबायचे नाही: ४ सेंमीहून मोठा फुगा वर्षात १ सेंमीहून जास्त वाढला तर, आणि फुगा दुखू लागला किंवा दाबल्यावर दुखला तर. दुखणाऱ्या फुग्याला आकडा विचारायचा नसतो.

स्त्रियांचे माप वेगळे आहे. त्यांच्यात हा आजार बराच कमी, पण झाला तर तेवढ्याच व्यासाला फुटण्याची शक्यता सुमारे चौपट. ५ सेंमीला पुरुषात हजारात सहा-सात, तर स्त्रीत शंभरात तीन. म्हणून त्यांना शस्त्रक्रिया ५ सेंमीला सुचवतात. मूळ धमनीच लहान असली की ५ सेंमी तिच्या दृष्टीने जास्त मोठे असते. हाच विचार आपल्याकडच्या लहान चणीच्या पुरुषांबाबत मनात येतो. ५.५ ही मर्यादा पाश्चात्त्य पुरुषांवरून आलेली आहे, आणि पाच फुटांच्या, पन्नास किलोच्या माणसाचा ५.२ सेंमीचा फुगा पाहताना शल्यचिकित्सकाने ते ध्यानात घेणे आम्हाला योग्य वाटते. त्यासाठी वेगळा पक्का आकडा मात्र आम्ही सांगणार नाही.

आपले गृहस्थ ५.६ ला पोचले. आता सीटी अँजिओग्राफी, छातीपासून मांड्यांपर्यंत. आधी क्रिएटिनिन पाहायचे, कारण शिरेतून दिलेले रंगद्रव्य मूत्रपिंडांवर बोजा टाकते. सीटीत व्यास सोनोग्राफीपेक्षा काही मिमी मोठा येतो, त्याने दचकू नये. सीटीत खरे पाहायचे असते ते फुग्याच्या वरची मान, म्हणजे मूत्रपिंडाच्या धमन्यांपासून फुगा सुरू होईपर्यंतचा निरोगी भाग. साध्या स्टेंट-कलमाला धरून बसायला ती १० ते १५ मिमी तरी लांब हवी, फार वाकडी नको, फार रुंद नको. मांडीकडून येणाऱ्या धमन्याही नळी जाईल इतक्या मोकळ्या हव्यात. मान आखूड असेल तर खिडक्या ठेवलेले खास कलम बनवून घ्यावे लागते किंवा पोट उघडावे लागते.

दोन मार्गांतला फरक रुग्णाला असा समजावता येतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सुरुवातीची जोखीम जास्त, पण नंतरची कटकट कमी. स्टेंट-कलमात उलटे. दोन्ही मार्गांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या चाचणीत महिन्याभरातले मृत्यू पोट उघडलेल्यांत ४.७ टक्के आणि स्टेंट-कलमवाल्यांत १.७ टक्के होते. पण पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा हा फायदा उरला नव्हता, आणि स्टेंट-कलम बसवलेल्यांत उशिरा फुगे फुटत होते. कारण कलमाच्या बाजूने रक्त पुन्हा फुग्यात झिरपते. वरच्या किंवा खालच्या टोकाला फट राहून झिरपले तर ते लगेच दुरुस्त करायचे. छोट्या उपधमन्यांतून उलटे येत असेल तर आणि फुगा वाढत नसेल तर नजर ठेवायची. म्हणून स्टेंट-कलम घेतलेल्या माणसाला महिन्याने सीटी आणि पुढे दरवर्षी सीटी किंवा डॉप्लर, आयुष्यभर. हे न सांगता ‘टाके नाहीत, तीन दिवसांत घरी’ एवढेच सांगणे ही फसवणूक ठरते. दोन जिने दम न लागता चढणारे, हृदय-फुप्फुसे ठीक असलेले सत्तरीतले गृहस्थ पोट उघडण्याचा पर्याय घेऊ शकतात. जे मुळातच इतके थकलेले आहेत की हृदय किंवा फुप्फुसे वर्ष-दोन वर्षांहून जास्त साथ देणार नाहीत, त्यांना कोणत्याच मार्गाने आयुष्य वाढून मिळत नाही, आणि तसे प्रेमाने सांगून थांबणे हाही उपचारच आहे.

फुटलेल्या फुग्याबद्दल थोडक्यात, कारण ती चूक आपल्या आपत्कालीन विभागांत होते. साठीच्या पुढचा पुरुष, अचानक कंबरेत किंवा कुशीत जीवघेणी कळ, घाम, एकदा भोवळ. निदान लिहिले जाते मूतखडा. या वयात आयुष्यात पहिल्यांदाच मूतखड्याची कळ आली असेल, तर वेदनाशामक इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याआधी प्रोब बेंबीच्या वर ठेवून महाधमनी पाहा. फुगा दिसला आणि रुग्ण ढासळत असेल तर तो फुटला आहे असेच धरा. रुग्ण शुद्धीवर आणि बोलता आहे तोवर सलाइनच्या बाटल्या ओतून रक्तदाब १२० वर नेऊ नका. वरचा आकडा ७० ते ९० राहिला तरी चालतो, दाब वाढवला की थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. १०८ ला बोलावतानाच रक्तवाहिनी शल्यचिकित्सक आणि सीटी दोन्ही जिथे आहेत तिथे फोन करून खात्री करा. आधी एका आणि मग दुसऱ्या रुग्णालयात जाण्याइतका वेळ या माणसाकडे नसतो. फुगा फुटलेल्यांपैकी दहातले सुमारे आठ जण वाचत नाहीत, त्यांतले बरेच जण रुग्णालयापर्यंतही पोचत नाहीत.

आता प्रशासनाकडे. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेऊन शिबिरे भरवणे अवघड आहे आणि तो कायदा तसाच कडक राहावा असे आम्हाला वाटते. म्हणून काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावे: कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालये, आणि खासगी केंद्रे. पालिकेच्या रुग्णालयांत सोनोग्राफीचा छापील नमुना आरोग्य विभागच ठरवतो. त्यातून ‘महाधमनी नॉर्मल’ हे आधीच भरलेले शब्द काढून रिकामी जागा ठेवावी, जी आकडा भरल्याशिवाय किंवा ‘दिसली नाही’ लिहिल्याशिवाय पुढे सरकणार नाही. खासगी केंद्रांना हाच नमुना परिपत्रकाने पाठवावा.

दुसरे, ३ सेंमी किंवा त्याहून मोठा आकडा निघाला की एक कार्ड. त्यावर तारीख, व्यास, मोजण्याची पद्धत, केंद्राचे नाव, पुढची तारीख, आणि ‘सिप्रोफ्लॉक्सॅसिन गटाची औषधे टाळा’ ही ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत. मागच्या बाजूला भावांची नावे आणि वये लिहायला जागा. त्याची दुसरी प्रत माणसाच्या वॉर्डातल्या नागरी आरोग्य केंद्रात राहावी आणि पुढची तारीख उलटून दोन आठवडे झाले की तिथल्या परिचारिकेने घरी फोन करावा. फोन उचलला गेला नाही तर आशाताईंच्या पुढच्या फेरीच्या यादीत तो पत्ता टाकावा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया व सोनोग्राफी करणारे काही डॉक्टर